कार्डचे दोन टक्के बिलात नेमके कुठे लिहायचे

नाशिकच्या एका टाइल्सच्या दुकानाचं जीएसटीचं काम माझ्याकडे आहे. मागे एकदा कार्ड मशीनचा सेटलमेंट रिपोर्ट आणि विक्रीची बिलं शेजारी शेजारी ठेवून मेळ घालत बसले होते, तर लक्षात आलं की क्रेडिट कार्डची प्रत्येक एंट्री बिलापेक्षा थोडी मोठी आहे. बिल 1,18,000 चं, स्वाइप 1,20,360 चं. बिल 59,000 चं, स्वाइप 60,180 चं. मालकांना फोन केला तर ते अगदी सहज म्हणाले, "अहो ताई, ते मशीनचे दोन टक्के. ते बँकच कापून घेते, आपल्याला कुठे मिळतात, म्हणून बिलात नाही टाकले."

त्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि असं वाटणारे खूप दुकानदार मला भेटलेत, म्हणून आज फक्त याच एका गोष्टीवर लिहितेय: गिऱ्हाइकाकडून कार्डासाठी जादा पैसे घेतले तर ते बिलात कुठे आणि कसे दाखवायचे, म्हणजे टॅक्स बरोबर लागेल. टॅक्सच्या आधी अजून एक प्रश्न आहे, हे पैसे घेता येतात का हा, त्यावर शेवटाकडे येते.

आधी हमाली आठवा. टाइल्सचं बिल करताना हमाली, पॅकिंग, गाडीभाडं आपण गिऱ्हाइकाकडून घेतलं की ते बिलात मालाच्या खाली येतं आणि त्यावर मालाच्याच दराने जीएसटी लागतो, हे आता बहुतेक सगळ्यांना माहीत झालंय. हमालीचे पैसे हमालालाच जातात, दुकानदाराच्या खिशात राहत नाहीत, तरी कोणी म्हणत नाही की यावर टॅक्स नको. कार्डचे दोन टक्के अगदी त्याच जातीचे आहेत. सीजीएसटी कायद्याचं कलम 15 सांगतं की टॅक्स लागतो तो व्यवहाराच्या खऱ्या किमतीवर, आणि त्याच कलमाच्या पोटकलम 2 मधला खंड (सी) सांगतो की विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून घेतलेले आनुषंगिक खर्च, म्हणजे कमिशन, पॅकिंग वगैरे, आणि माल देण्याच्या वेळी किंवा त्याआधी मालाच्या संदर्भात केलेल्या कशासाठीही घेतलेली रक्कम, ही सगळी किमतीतच धरायची. पुढे तुम्ही ते पैसे कुणाला दिले, बँकेला की हमालाला की दुकानाच्या भाड्याला, हे कायदा विचारतच नाही. गिऱ्हाइकाने माल घ्यायला एकूण किती दिले, एवढंच तो बघतो.

"पण बँकेचा चार्ज आहे, मी फक्त पोचवतो" हा जो मुद्दा आहे ना, त्याला कायद्यात खरंच एक जागा आहे, तिला प्युअर एजंट म्हणतात, नियम 33. फक्त आपलं प्रकरण त्या जागेत बसत नाही. बसतं ते असं: एखादा सीए आपल्या क्लायंटची कंपनी नोंदवतो, सरकारी फी स्वतःच्या खिशातून भरतो, पावती क्लायंटच्या नावाने निघते आणि तेवढीच रक्कम सीए वेगळी वसूल करतो. ती फी मुळात क्लायंटचीच होती, सीएने फक्त भरली. आता कार्ड मशीनचं बघा. बँकेशी करार कोणाचा, तर दुकानदाराचा. मशीन कोणाच्या नावावर, दुकानदाराच्या. बँक जो चार्ज कापते, ज्याला एमडीआर म्हणतात, त्यावर 18 टक्के जीएसटी लावून बँक बिल देते ते दुकानदाराच्या जीएसटी नंबरवर, आणि त्याचं इनपुट क्रेडिटही दुकानदारच घेतो. गिऱ्हाइकाचा त्या बँकेशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे बँकेने सेवा दिली ती दुकानाला, आणि दुकानाने आपला तो खर्च गिऱ्हाइकावर टाकला. शिवाय प्युअर एजंटला जेवढे भरले तेवढेच घेता येतात, एक रुपया जास्त नाही, आणि दुकानात तर सगळ्याच क्रेडिट कार्डांना सरसकट दोन टक्के लावलेले असतात, बँकेने कुठल्या कार्डाला किती कापले ते कोणी बघत नाही. त्यामुळे बिलावर "बँक चार्जेस ॲट ॲक्च्युअल" लिहून काही उपयोग होत नाही, नाव बदललं म्हणून स्वरूप बदलत नाही.

आता तेच 1,18,000 चं बिल घेऊ. टाइल्सवर 18 टक्के आहे, पार्टी नाशिकचीच एक नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टर फर्म, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी. दुकानात बिल असं निघत होतं:

टाइल्स 1,00,000
सीजीएसटी 9 टक्के 9,000
एसजीएसटी 9 टक्के 9,000
एकूण 1,18,000

आणि मशीनवर यात दोन टक्के, म्हणजे 2,360 मिळवून 1,20,360 स्वाइप. बरोबर बिल असं हवं होतं:

टाइल्स 1,00,000
कार्ड पेमेंट सरचार्ज 2,000
टॅक्सेबल व्हॅल्यू 1,02,000
सीजीएसटी 9 टक्के 9,180
एसजीएसटी 9 टक्के 9,180
एकूण 1,20,360

शेवटचा आकडा बघा. तोच आहे. गिऱ्हाइकाला एक पैसाही जास्त द्यावा लागला नाही, कारण दुकानदार दोन टक्के काढत होता ते टॅक्ससकट रकमेवर काढत होता, म्हणजे त्या 2,360 मध्ये 2,000 सरचार्ज आणि 360 टॅक्स आधीपासूनच होता, फक्त तो 360 सरकारकडे जात नव्हता. हे मालकांना कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांची समजूत होती की बिलात घेतलं तर गिऱ्हाइकावर अजून बोजा पडेल आणि तो शेजारच्या दुकानात जाईल.

उलट कॉन्ट्रॅक्टरचा फायदाच आहे. पहिल्या बिलात त्याला 18,000 इनपुट मिळत होतं, दुसऱ्यात 18,360. आणि ते जादाचे पैसे त्याच्या हिशोबात दाखवायला त्याच्याकडे कागद आला, नाहीतर त्याच्या कार्ड स्टेटमेंटला 1,20,360 आणि हातात बिल 1,18,000 चं, मग त्याचा अकाउंटंट दर महिन्याला विचारत बसतो हे 2,360 कसले.

हेच उशिरा सापडलं तर काय होतं? अधिकारी म्हणू शकतो की 2,360 ही टॅक्सशिवायची रक्कम आहे, त्यावर 18 टक्के म्हणजे 424.80 भरा. आपण म्हणू शकतो की नियम 35 प्रमाणे ही रक्कम टॅक्ससकट धरा, म्हणजे 2,360 गुणिले 18 भागिले 118, 360 रुपये. मी दुसऱ्या बाजूने भांडेन, पण भांडावं लागतं हे खरं, आणि बिलातच नीट लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. वर 18 टक्के वार्षिक व्याज, आणि दंडाची टांगती तलवार वेगळी. एका बिलाला 360 रुपये छोटे वाटतात, पण महिन्याला अशी 20 बिलं धरली तर वर्षाचे 86,400 होतात.

आता दर कुठला लावायचा. इथे एक चूक मी खूपदा बघते आणि ती करणारे बिचारे प्रामाणिकपणे टॅक्स भरायला निघालेले असतात. ते सरचार्जला वेगळी सेवा समजतात, आर्थिक सेवांचा 9971 हा कोड टाकतात आणि सगळीकडे सरसकट 18 टक्के लावतात. टाइल्सच्या दुकानात चूक दिसत नाही कारण माल पण 18 चाच आहे. पण दुकानदार गिऱ्हाइकाला आर्थिक सेवा विकत नाही, तो टाइल्सच विकतोय, पैसे घेण्याची सोय ही त्या विक्रीला चिकटलेली गोष्ट आहे. म्हणून सरचार्ज मालामागे जातो: मालाचा जो दर तोच त्याचा दर, मालाचा एचएसएन तोच त्याचा. उशिरा पैसे दिल्याबद्दल घेतलेल्या दंडाबाबत केंद्राच्या 3 ऑगस्ट 2022 च्या 178 नंबरच्या परिपत्रकात हाच विचार आहे, वीज, पाणी, फोन यांच्या बिलावरच्या लेट फीला मूळ सेवेचाच दर लावायचा. हां, एखादं तिसरंच पोर्टल स्वतःची कन्व्हिनियन्स फी घेत असेल तर ती त्या पोर्टलची स्वतंत्र सेवा आहे, तिथे त्याच्या सेवेचा दर लागतो, ते आणि हे मिसळू नका.

फरक कुठे दिसतो ते पुस्तकांच्या दुकानात बघा. जूनमध्ये एक पालक येतात, 3,000 ची छापील पाठ्यपुस्तकं घेतात, त्यावर टॅक्स शून्य, आणि 1,000 चा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, त्यावर 18 टक्के. टॅक्स सोडून माल 4,000 चा, दोन टक्के सरचार्ज 80 रुपये. हे 80 मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचे: पुस्तकांकडे 60, त्यावर टॅक्स नाही, आणि कॅल्क्युलेटरकडे 20, त्यावर 3.60. सगळ्या 80 वर 18 टक्के लावले तर 14.40 होतात, म्हणजे पालकांकडून विनाकारण जास्त टॅक्स घेतला, आणि एकदा टॅक्स म्हणून घेतलेला पैसा सरकारला भरावाच लागतो, कलम 76, चुकून घेतला म्हणून स्वतःकडे ठेवता येत नाही. कंपोझिशनवाल्यांना बिलात टॅक्स दाखवायचाच नसतो, त्यांनी सरचार्ज बिलात घ्यायचा आणि तो उलाढालीत धरायचा, बस.

ही वाटणी हाताने करायची गरज नाही, पण सॉफ्टवेअरला ती सांगावी मात्र लागते. टॅलीत सरचार्जचं लेजर इनडायरेक्ट इन्कमखाली उघडताना `Include in assessable value calculation for` मध्ये `GST` निवडायचं, `Appropriate to` मध्ये `Goods` आणि `Method of calculation` मध्ये `Based on Value`. एवढं केलं की टॅली ती रक्कम मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटते आणि ज्याला जो दर आहे तो लावते. हे न करता नुसतं लेजर उघडून बिलात टाकलं तर रक्कम एकूणमध्ये मिळते पण टॅक्सेबल व्हॅल्यूमध्ये येत नाही, आणि बिल दिसायला अगदी व्यवस्थित दिसतं, हाच त्यातला धोका. तपासायची खूण सोपी आहे: सरचार्जची ओळ टॅक्सच्या ओळींच्या वर आहे का खाली? खाली असेल तर चुकलंय.

ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर आहे आणि ई-इन्व्हॉइस काढावं लागतं त्यांनी अजून एक जागा बघावी. ई-इन्व्हॉइसच्या फॉरमॅटमध्ये `OthChrg` नावाचा रकाना आहे, नाव वाचून वाटतं सरचार्ज इथेच जाणार. पण त्याची बेरीज अशी होते:

```
TotItemVal = AssAmt + tax + OthChrg
```

टॅक्स निघतो तो `AssAmt` वर, म्हणजे `OthChrg` मध्ये टाकलेली रक्कम टॅक्स लागून झाल्यावर मिळवली जाते. सरचार्ज तिथे गेला की आपण पुन्हा त्या जुन्याच चुकीवर, फक्त यावेळी ती सरकारच्या पोर्टलवर क्यूआर कोडसकट नोंदवलेली. सरचार्ज `AssAmt` मध्येच आला पाहिजे.

दुसरी बाजू खरेदीची. बँक पैसे जमा करते ते एमडीआर कापून, आणि बरेच जण जेवढे जमा झाले तेवढीच विक्री लिहितात. तसं नाही करायचं. आपल्या उदाहरणात समजा एमडीआर 2 टक्के आहे, तर बँक 1,20,360 वर 2,407.20 कापेल आणि त्यावर जीएसटी 433.30. विक्री पूर्ण 1,02,000 ची लिहायची, 2,407.20 हा बँकेचा खर्च वेगळा लिहायचा, आणि 433.30 चं इनपुट घ्यायचं, ते बँकेच्या बिलातून जीएसटीआर-2बी मध्ये दिसतं. दिसत नसेल तर बँकेकडे आपला जीएसटी नंबर नोंदवलाय का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मशीन घेताना तो दिलेलाच नसतो आणि वर्षानुवर्षं हे क्रेडिट वाया जातं.

इथे मालक विचारतात की मी दोन टक्के घेतले, बँकेने दोन टक्केच कापले, तरी 407 रुपये मलाच का पडले? कारण तुम्हाला उरतात ते 2,000, आणि बँक मात्र टॅक्ससकट सगळ्या रकमेवर कापते, तुमच्या टॅक्सवरसुद्धा आणि सरचार्जवरसुद्धा. पूर्ण भरून काढायचं तर 1 मधून 1.18 चे दोन टक्के वजा करा, 0.9764 उरतात, 1,00,000 ला त्याने भागा, 1,02,417.04 येतात, म्हणजे सरचार्ज 2,417.04 हवा. त्यावर टॅक्स लावून स्वाइप 1,20,852.11 ची होते आणि तिचे दोन टक्के बरोबर 2,417.04. पण इतकं काटेकोर वसूल करायचं का, हा धंद्याचा निर्णय आहे.

बिल आधी झालं आणि पार्टी नंतर म्हणाली कार्डाने देतो, तर? त्या दिवशीच कळलं तर बिल रद्द करून नवीन काढा, ई-इन्व्हॉइस असेल तर ते 24 तासांच्या आतच रद्द करता येतं. माल जाऊन बरेच दिवस झाले असतील तर त्या बिलाचा नंबर टाकून सरचार्जपुरती डेबिट नोट द्यायची, कलम 34, टॅक्ससकट, म्हणजे ती आपल्या जीएसटीआर-1 मध्ये जाते आणि पार्टीला तिचं इनपुट मिळतं. आणि माल परत आला आणि सरचार्जही परत दिलात तर क्रेडिट नोटमध्ये तोही धरा, नुसत्या मालाची क्रेडिट नोट काढली तर सरचार्जवरचा टॅक्स आपल्याच गळ्यात राहतो.

आता तो राहिलेला प्रश्न, हे पैसे घेता येतात का. डेबिट कार्डावर नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 च्या परिपत्रकात बँकांना सांगितलंय की दुकानदार डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकणार नाही हे बघा. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणारं साधं यूपीआय यावर तर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआरच शून्य आहे, तिथे दुकानदाराला काही कापलंच जात नाही, मग गिऱ्हाइकाकडून कसले मागायचे. क्रेडिट कार्डाचं आपल्या बँकेशी झालेल्या मर्चंट करारात बघावं लागतं, बऱ्याच करारांमध्ये सरचार्ज घेऊ नका असं कलम असतं आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर बँक मशीन काढून घेऊ शकते. आणि हे नीट लक्षात घ्या, बिलात टॅक्ससकट दाखवला म्हणून सरचार्ज घ्यायची परवानगी मिळत नाही, आणि घ्यायला नको होता म्हणून त्यावरचा टॅक्सही सुटत नाही. दोन्ही वेगवेगळे.

म्हणून मी स्वतः दुकानदारांना उलटा रस्ता सांगते. भावच कार्डाचा लावा आणि यूपीआय किंवा एनईएफटीने देणाऱ्याला बिलातच सूट द्या. टाइल्स 1,02,000, पेमेंट सूट 2,000, टॅक्सेबल 1,00,000. बिल करतानाच आणि बिलावरच दाखवलेली सूट कलम 15 च्या पोटकलम 3 प्रमाणे किमतीतून वजा होते, त्यामुळे टॅक्सही 1,00,000 वरच. कार्डवाल्याला सूट नाही, त्याचं बिल 1,02,000 वर टॅक्स लावून तेच 1,20,360. सरचार्ज नावाची ओळच राहत नाही. फक्त ज्या मालावर एमआरपी छापलेली असते तिथे भाव वाढवताना टॅक्ससकट एमआरपीच्या वर जाता येत नाही, एवढं सांभाळा.

नाशिकच्या त्या मालकांनी हेच केलं, भावपत्रक नवीन छापलं. जुन्या बिलांचं असं केलं की नोंदणीकृत पार्ट्यांना डेबिट नोटा दिल्या, 2,000 आणि त्यावर 360, पैसे आधीच आले होते त्यामुळे नव्याने मागायचे नव्हते, फक्त कागद द्यायचा होता. किरकोळ गिऱ्हाइकांच्या बिलांची यादी करून त्यावरचा टॅक्स व्याजासकट डीआरसी-03 ने स्वतःहून भरला. आणि ज्या कॉन्ट्रॅक्टरचं ते 1,20,360 चं प्रकरण होतं त्याच्या अकाउंटंटचा डेबिट नोट मिळाल्या मिळाल्या फोन आला, अशाच अजून चार बिलांच्या नोटा बाकी आहेत, त्याही पाठवा म्हणून.